पहिल्या स्लाइडवर काय झाकायचे

इन्स्टाग्रामवर पहिल्यांदाच कॅरोसेल करायला बसलेला माणूस पहिल्या स्लाइडला बहुधा पुस्तकाचे मुखपृष्ठ समजतो. विषय बिदरी कामाचा असेल, तर काळ्या सुरईचा फोटो लावतो आणि वर लिहितो, ‘बिदरी कला : बिदरची शान’. पुस्तकाला हे चालते, कारण पुस्तक हातात घेणाऱ्याचे वाचायचे निम्मे ठरलेलेच असते. फोनवर मात्र अंगठा आधीच वर सरकत असतो. ‘शान’ वाचून बिदरकडच्या भालकीचा किंवा औरादचा माणूस ‘आहेच’ म्हणतो आणि पुढे जातो. पुण्याच्या माणसाला बिदरी म्हणजे काय हेच ठाऊक नसते, तोही जातो. अंगठा आडवा वळायचा तर मनात एक प्रश्न अडकावा लागतो, आणि माझ्या मते तो अडकवण्याची खात्रीची रीत एकच आहे: एक खरी गोष्ट उघड सांगायची आणि तिचे कारण दुसऱ्या स्लाइडवर ठेवायचे.

अशी गोष्ट शब्दांच्या खेळातून सापडत नाही, कामाकडे बघून सापडते. बिदरीचे भांडे ओततात ते मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे. ओतलेले भांडे घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात म्हणजे नक्षीची रेघ दिसते, मग ती रेघ कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. पुन्हा घासले की चांदी आणि जस्त दोन्ही पांढुरके, एकमेकांत मिसळून गेलेले. नक्षी जवळजवळ हरवते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापल्या भांड्याला लावतात. भांडे काळेभोर होते, चांदी तशीच चमकत राहते. एवढ्या सगळ्या पायऱ्यांत वाचकाच्या अनुभवाला धक्का देणारी जागा हीच आहे, कारण घरातली चांदीची वाटी काळी पडलेली त्याने पाहिलेली असते. म्हणून ओळ होते: ‘एकाच मातीने भांडे काळे पडते, चांदी नाही.’ डोक्यात लगेच येते, ‘का बरे?’ दुसऱ्या स्लाइडवर उत्तर: काळी पडते ती तांबेमिश्रित जस्ताची कातडी; मातीच्या मिश्रणाचा काळा रंग चांदीवर चढत नाही.

हीच ओळ जरा हलवली की बिघडते. ‘बिदरीची 7 गुपिते’ म्हटले तर आकडा कळतो, गोष्ट कळत नाही. ‘माती फक्त जस्तावर चढते म्हणून चांदी चमकते’ म्हटले तर उत्तर पहिल्याच स्लाइडवर संपले. ‘बिदरीतली चांदी कधीच काळी पडत नाही’ ही ओळ सर्वांत जोरदार वाटते, पण ती खोटी आहे. वर्षानुवर्षे हवेत राहिली की तीही मंदावते, आणि ज्यांच्या घरी बिदरीचा डबा आहे ते प्रतिक्रियांत तेच लिहितील.

कारण झाकून ठेवणे ही वाचकाची फसवणूक नाही का, असे कोणी विचारेल. उत्तर आठव्या स्लाइडपर्यंत लांबवले तर आहेच. दुसरीवर दिले तर नाही, आणि उरलेल्या स्लाइडांना मग मोरचूद आणि कोरीवकाम निवांत सांगता येते. थांबवतो तो फोटो, ओळ नव्हे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. काळ्यावर चांदीची नक्षी डोळा थांबवतेच. पण थांबलेला डोळा फोटो पाहून निघून जाऊ शकतो, त्याला सरकवायचे कारण ओळ देते. तिसरी अडचण जास्त खरी आहे. पहिली स्लाइड ओलांडून गेलेल्याला इन्स्टाग्राम कधी कधी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवते. तेव्हा दुसरी स्लाइड ‘कारण…’ अशी अधांतरी सुरू करू नये. ‘माती जस्ताला काळे करते, चांदीला नाही’ एवढे तिने एकटीने सांगावे.

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ओळ कुठे तोडली यावर बरेच ठरते. ‘एकाच मातीने भांडे काळे पडते,’ ही वरची ओळ आणि ‘चांदी नाही’ खालची, मोठ्या अक्षरात. दोन ओळींत अंतर थोडे जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीत उकार असले की त्यांना खालच्या वेलांट्या टेकतात. मग फोन हातभर लांब धरून एखाद्याला क्षणभर दाखवा आणि विचारा, पुढच्या स्लाइडवर काय असेल? ‘बिदरीची माहिती असेल’ असे उत्तर आले, तर ओळ पुन्हा लिहा.