दहाव्या खोलीपर्यंत गरम पाणी

अकोटला लॉज काढताय आणि मेळघाटात शहानूरच्या सफारीला जाणारे पाहुणे येतील असा अंदाज आहे. मग हिवाळ्यात पहाटे दहाही खोल्यांचे नळ एकदमच सुटणार. हिशोब त्या तासाचा करायचा, दिवसभराचा नाही.

टाकी केवढी घ्यावी?

माणसं वीस. बादलीची आंघोळ वीस-पंचवीस लिटरमध्ये होते, शॉवरला चाळीस धरा. म्हणजे 40 अंशांचं 800 लिटर पाणी. टाकीत 60 अंश आणि नळाला 18 अंश असेल, तर त्यातलं सुमारे 420 लिटर गरम टाकीतून येतं, बाकी थंड मिसळतं. गरम पाणी जाईल तसं खालून थंड पाणी शिरतं, त्यामुळे टाकीतलं शेवटचं पाणी कोमटच निघतं. म्हणून 500 लिटरची घ्या. सोलर असेल तर हे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचं असतं. ढगाळ दिवसासाठी आत 6 किलोवॅटची कॉइल हवी. सगळी टाकी तापवायला ती साधारण 25 युनिट आणि चार तास घेते, म्हणून टायमर रात्री बाराचा लावा.

शेवटच्या खोलीत गरम पाणी उशिरा का येतं?

पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं. तीस मीटरवरच्या पाहुण्याला आधी सात-आठ लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं. उपाय म्हणजे परतीची लाइन: शेवटच्या खोलीजवळून अर्धा इंची पाइप टाकीकडे परत आणायचा, त्यावर छोटा पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप फक्त आंघोळीच्या वेळात चालवा आणि दोन्ही पाइपांना फोमचं आवरण घाला, नाहीतर फिरताना पाणीच थंड होईल.

सगळं नवं, तरी गरम नळाला गार पाणी?

बहुतेक वेळा दोष दाबाचा असतो. थंड लाइनला प्रेशर पंप आणि गरम लाइन गच्चीवरून नुसत्या उताराने, अशी जोडणी प्लंबर सर्रास करतात. मग मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं, आणि एका खोलीतल्या मिक्सरची शिक्षा शेजारच्या खोल्यांना होते. ओळखायचं असं: थंड पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ सोडा. थोड्या वेळाने पाणी गरम यायला लागलं, तर दोष हाच. दोन्ही लाइनींना एकाच टाकीचा, सारख्या उंचीचा दाब द्या. पंप लावायचाच तर दोघींना एकच.

बोअरचं पाणी चालेल?

खारपाणपट्ट्याच्या कडेला आहात, आधी पाणी तपासून घ्या. जड पाण्याचे क्षार कॉइलवर आणि सोलरच्या नळ्यांत बसतात, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितके जास्त. कॉइल तडतडायला लागली किंवा गरम नळाची धार थंडपेक्षा बारीक झाली, की थर बसला समजा. अशा पाण्याला हीट एक्स्चेंजरवालं सोलर घ्या. सीपीव्हीसी पाइप टाकीला थेट जोडू नका, मे महिन्यात वापर नसेल तर सोलरचं पाणी उकळायला येतं. पहिले दोन-तीन मीटर जीआय पाइप ठेवा आणि टाकीची हवानळी कधीही बुजवू नका.