खोलीतल्या हत्तीचं मराठीत काय करायचं?

इंग्रजी बातम्यांत, भाषणांत आणि मालिकांमध्ये ‘एलिफंट इन द रूम’ हा वाक्प्रचार सतत कानावर पडतो. सगळ्यांना दिसणारी, सगळ्यांना छळणारी, पण कुणीच उच्चारत नाही अशी मोठी गोष्ट, असा त्याचा अर्थ. अनुवाद करताना घाई असली की तो ‘खोलीतला हत्ती’ होऊन मराठीत उतरतो. ‘वडिलांचं दारू पिणं हा त्या घरातला खोलीतला हत्ती होता’ हे वाक्य वाचणारा माणूस क्षणभर अडखळतो. हत्ती दारातून आत आला कसा, असा प्रश्न त्याला पडतो आणि घरातलं दुःख बाजूलाच राहतं.

शब्द तर सगळे ओळखीचे आहेत. मग बिघडतं कुठे? मराठीतला हत्ती आधीच दुसऱ्या कामांत गुंतलेला आहे. दारी हत्ती झुलतात ते श्रीमंतीचे. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणजे काम संपत आलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ते ढोंगाचे. यांतला एकही हत्ती न बोलण्याशी जोडलेला नाही. म्हणून दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश उघडून ‘हत्ती’ या शब्दाखाली शोधणाऱ्याला पुष्कळ हत्ती सापडतात, पण हवा तो मिळत नाही. शोध ‘गप्प बसणे’ इथून सुरू करावा लागतो.

मुळात इंग्रजीतला हत्तीही पूर्वी इतका अबोल नव्हता. १९५९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये शाळांसाठी पैसा उभा करण्याच्या प्रश्नाला दिवाणखान्यातल्या हत्तीची उपमा दिलेली आढळते. तिथे भर होता आकारावर: इतका मोठा की दुर्लक्ष करताच येणार नाही. पुढे अर्थ जवळजवळ उलटला आणि सगळे ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात तो हत्ती झाला. १९८४ साली अमेरिकेत व्यसनी पालकांच्या मुलांसाठी निघालेल्या एका पुस्तकाच्या नावातच दिवाणखान्यातला हत्ती होता. घरात रोज घडणाऱ्या आणि कधीच न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी हे चित्र किती नेमकं आहे, हे अशा वापरातून कळतं.

आता मराठी काय म्हणते ते पाहू. मूग गिळून बसणे, अळीमिळी गुपचिळी, हाताची घडी तोंडावर बोट, ताकाला जाऊन भांडं लपवणे, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. ही सगळी माणसांची वर्णनं आहेत. इंग्रजी वाक्प्रचार न बोललेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो, मराठी वाक्प्रचार न बोलणाऱ्या माणसाकडे. माझ्या मते अनुवादाची खरी अडचण हीच आहे आणि वाटही इथूनच निघते. इंग्रजी वाक्यात कोण गप्प आहे आणि का, हे सांगायची गरज नसते. हत्ती उभा केला की काम झालं. मराठीत मूग कुणीतरी गिळावे लागतात. त्यामुळे अनुवादकाला मजकुरात परत जाऊन विचारावं लागतं: ही माणसं भीतीने गप्प आहेत, लाजेने, संगनमताने की सोयीने?

एक प्रसंग घेऊ. वडील गेल्यावर तीन भावंडं जेवायला एकत्र बसली आहेत. हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत आणि कथाकार इंग्रजीत सांगतो, मृत्युपत्र हा त्या खोलीतला हत्ती होता. भावंडं मृत्युपत्रासाठीच आली असतील आणि विषय दुसऱ्याने काढावा म्हणून थांबली असतील, तर ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ नेमकं बसतं: ‘तिघंही आली होती मृत्युपत्रासाठी, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं.’ वडिलांनी कुणालातरी डावललंय हे तिघांना ठाऊक असेल आणि धाकटीसमोर ते काढायचं नाही असं दोघांनी ठरवलं असेल, तर ती अळीमिळी गुपचिळी. पण हा शब्द मुलांच्या खेळकर बोलण्यातला. नुकतंच माणूस गेलेल्या घरात तो हलका पडतो. आणि दुःखामुळेच कुणाचा धीर होत नसेल, तर वाक्प्रचाराचा हट्ट सोडलेला बरा: ‘मृत्युपत्र तिघांच्याही मनात होतं, विषय काढायला मात्र कुणी धजत नव्हतं.’ यात एकही वाक्प्रचार नाही आणि काही हरवलेलंही नाही. वाक्प्रचाराच्या जागी वाक्प्रचारच हवा, हा आग्रह अनेक चांगले अनुवाद बिघडवतो.

वर दिलेल्या दारूच्या वाक्यात लाज आहे, शिवाय बोललं तरी पंचाईत आणि न बोललं तरी पंचाईत आहे. तिथे अवघड जागेचं दुखणं बसतं: ‘वडिलांचं दारू पिणं हे त्या घराचं अवघड जागेचं दुखणं होतं.’ पुढचा ‘जावई वैद्य’ मात्र गाळायचा. तो आला की ओठांवर हसू येतं, आणि या घराला ते नको आहे. हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायला कुणीतरी मास्तर लागतो, म्हणून ते पक्षाच्या बैठकीत किंवा धाकातल्या कार्यालयात शोभतं. तिथेच नवा साहेब ‘चला, खोलीतल्या हत्तीबद्दल बोलू या’ असं म्हणाला, तर मराठीत तो म्हणेल, ‘सगळ्यांच्या मनात जो प्रश्न आहे, त्याबद्दलच आधी बोलू.’

आणखी एक खाचखळगा आहे. ती भावंडं लंडनची असतील, तर ताक खटकतं. ‘मूग गिळून बसणे’ म्हणताना कुणाला मूग दिसत नाहीत. ते चित्र वापराने पुसलं गेलंय आणि फक्त अर्थ उरलाय. म्हणून लंडनच्या माणसालाही ते चालतं. ताकाचं भांडं अजून डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि लंडनच्या जेवणाच्या टेबलावर ते उभं राहिलं की वाचक थेट आपल्या गावात येऊन पोहोचतो. निवडलेला शब्द तपासायचा तर मूळ बाजूला ठेवून परिच्छेद मोठ्याने वाचावा. ऐकणाऱ्याच्या मनात प्रसंगात नसलेली वस्तू उभी राहिली, तर शब्द बदलायला हवा.

शब्दशः अनुवाद नेहमीच फसतो असंही नाही. हिमनगाचं टोक मराठीत रुळलं, कारण हिमनगाचा मोठा भाग पाण्याखाली असतो हे भूगोलातून ठाऊक असतं आणि चित्र स्वतःच अर्थ सांगतं. पांढरा हत्तीही बाहेरूनच आला. पोसण्याच्या खर्चाशी जोडल्यामुळे तो लगेच कळला. ‘खोलीतला हत्ती’ या दोन शब्दांत मात्र गप्प बसणारी माणसंच नाहीत. ती घातली की तोही उभा राहतो: ‘खोलीच्या मधोमध हत्ती उभा आणि सगळे छताकडे बघतायत.’ इथे अर्थ चित्रातच आहे, वेगळी फोड लागत नाही. फक्त दोन शब्दांच्या जागी अख्खं वाक्य खर्ची पडतं आणि पडद्यावरच्या उपशीर्षकात तेवढी जागा क्वचितच असते.

कधी हत्ती टाळताच येत नाही. २००६ साली बँक्सी या चित्रकाराने लॉस एंजेलिसमधल्या प्रदर्शनात दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या जागेत खराखुरा हत्ती उभा केला. त्याचं अंग भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीसारखं रंगवलेलं होतं आणि विषय होता जगातली गरिबी. या घटनेच्या बातमीत मूग आणि ताक दोन्ही निरुपयोगी. तिथे हत्ती ठेवायचा आणि त्याच्या पाठोपाठ अर्थ द्यायचा: ‘गरिबी हत्तीएवढी समोर उभी असते आणि तरी आपण तिला भिंतीचा भाग समजून गप्पा मारत राहतो, असं बँक्सीला दाखवायचं होतं.’ इंग्रजी वाक्प्रचार ठाऊक नसलेल्या वाचकालाही एवढ्यावरून तो हत्ती तिथे का उभा होता हे समजतं.