दोन परवाने, एक पंप

६ जुलै १९८८. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायू फलाटावर ‘अ’ पंपासाठी दोन वर्क परमिट निघाली होती. एक पंपाच्या दुरुस्तीचं, दुसरं त्याच्या नळावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं.

व्हॉल्व्ह तपासायला काढला आणि उघड्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. संध्याकाळी काम अर्धवटच राहिलं. रात्री ‘ब’ पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाच्या दुरुस्तीचं परमिट माहीत होतं आणि ते काम सुरूच झालेलं नव्हतं. व्हॉल्व्हचं परमिट दुसऱ्याच ऑफिसात होतं. ‘अ’ सुरू करायचं ठरलं, झाकणातून वायू सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

म्हणून परमिटवर आधी यंत्राचा नंबर आणि त्यावरच्या इतर परमिटांचे क्रमांक हवेत. मग आयसोलेशन: व्हॉल्व्ह बंद, नळात ब्लाइंड प्लेट, दाब उतरवलेला, वीज तोडून स्विचला कुलूप, वर टॅग. परमिट देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने हे जागेवर जाऊन पाहावं, स्विच दाबून यंत्र खरंच मेलंय ना याची खात्री करावी, मगच सही.

काम अपुरं राहिलं, तर पुढच्या पाळीच्या माणसाला ते समोरासमोर सांगायचं. टेबलावर कागद ठेवून निघून जाणं म्हणजे हस्तांतर नव्हे.