ताट तेच, जिभेचे वय वेगळे

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वर मंदिरापासून जवळच एका जुन्या घरात, आमच्या एक वाचक भगिनी पतीसह राहतात. त्यांचे वय 68, पतींचे 74. सासूबाईंना जाऊन 19 वर्षे झाली; पण जेवणाच्या ताटावर त्यांची आठवण रोज निघते, आणि बहुधा सुनेच्या उणेपणाच्या रूपाने निघते. एके दिवशी या भगिनींनी पतींच्या औषधांच्या डब्याखाली एक पत्र ठेवले. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी ते आमच्याकडे पाठविले आहे.

“अहो,

समोर बसून बोलले तर तुम्ही उठून ओसरीवर जाता, म्हणून लिहिते आहे.

काल रात्री तुम्ही वरणाची वाटी बाजूला सारलीत आणि म्हणालात, ‘आईच्या वरणाला वास तरी यायचा.’ मग लोणच्याची बरणी ओढून घेतलीत. या घरात येऊन मला 47 वर्षे झाली. त्यातली 28 वर्षे मी आईंच्याच हाताखाली राबले. ते वरण मला त्यांनीच शिकविले. तुरीची डाळ किती शिजवायची, हिंग तेलात केव्हा सोडायचा, लसूण कोणत्या रंगावर उतरवायचा, हे सारे त्यांचेच आहे. माझे म्हणून त्यात फार थोडे आहे.

भाऊबीजेला वन्सं आल्या होत्या, ते आठवा. दुसऱ्या दिवशी मी पातोड्यांचा रस्सा केला. कांदा आणि सुके खोबरे विस्तवावर भाजून घेतले, खसखस वाटली, आणि पाहुणी घरात म्हणून मीठही जुन्याच मापाने घातले. वन्संनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘वहिनी, आईच जेवू घालतेय असे वाटले,’ त्या म्हणाल्या. त्याच वेळी, त्याच भांड्यातला रस्सा खाऊन तुम्ही म्हणालात, ‘फिका आहे.’ त्या रात्री मला झोप आली नाही. अपमानाचे मला आता फारसे काही वाटत नाही. मला भीती वाटली. एकाच भांड्यातला रस्सा एकाला आईचा लागतो आणि दुसऱ्याला फिका, तर उणे रस्स्यात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे.

डॉक्टरांनी तुमचा रक्तदाब 170 वर 100 सांगितला आणि मीठ निम्म्यावर आणा म्हणाले, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मी मीठ कमी करते, आणि तुम्ही आईंचे नाव घेऊन ते पापडातून, लोणच्यातून परत घेता. तुमच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसते. आई असत्या तर त्यांनी ती बरणी माळ्यावर ठेवली असती.

घराचेही तसेच. ‘आईच्या वेळी पितळ आरशासारखे असायचे, अंगण रोज सारवलेले असायचे.’ खरे आहे. पण तेव्हा या घरात चार बायका होत्या, आणि त्यातली एक मी होते. आज मी एकटी आहे आणि माझे गुडघे खाली बसू देत नाहीत.

आईंची आठवण काढू नका, असे मी म्हणत नाही. मलाही त्यांची आठवण येते. फक्त माझ्या ताटासमोर त्यांना उभे करू नका. मीठ कळत नसेल तर ‘मीठ कळत नाही’ म्हणा. त्यावर उपाय शोधता येईल. ‘आईसारखे नाही’ यावर माझ्याजवळ उपाय नाही.

तुमची,
—”

या पत्रातील भीती रास्त होती. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागून नाकाकडे चढतो. जीभ स्वतः केवळ खारट, गोड, आंबट, कडू असे मोजकेच स्वाद ओळखते. साठीनंतर, आणि सत्तरीनंतर अधिकच, गंध ओळखण्याची शक्ती बहुतेकांची हळूहळू मंदावते. त्यात तोंड कोरडे पडत असेल, टाळू झाकणारी वरची कवळी असेल, किंवा चव बदलणारे औषध चालू असेल तर भर पडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चव बिघडते. हा बदल इतका सावकाश होतो की, आपली जीभ बदलली असे माणसाला वाटतच नाही. स्वयंपाक बदलला असेच वाटते.

घरच्या घरी याचा अंदाज घेता येतो. नाक चिमटीत धरून बडीशेपेचे चार दाणे चावावेत. केवळ किंचित गोडी कळेल. मग नाक सोडावे. बडीशेपेचा सुगंध एकदम तोंडभर पसरला तर नाक काम करीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष स्वयंपाकाचा नाही. या गृहस्थांना पत्नीने असेच दाणे दिले. नाक सोडल्यावरही त्यांना फरक जाणवला नाही. ते बराच वेळ गप्प बसले, असे भगिनी लिहितात.

पुढच्या भेटीत त्यांनी सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखविल्या. औषध बदलायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. चवीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नये. चव किंवा वास अचानक गेला, अथवा जेवण कमी होऊन वजन उतरू लागले, तर त्याला वयाचा परिणाम समजून थांबू नये. लगेच तपासून घ्यावे.

मिठाचे माप त्यांनी उघड्यावर आणले. प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या जेमतेम एका सपाट चमच्याएवढे मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच धरायचे. भगिनी सकाळीच दोघांचे दिवसाचे मीठ दीड चमचा एका वाटीत काढतात आणि दिवसभर त्यातूनच घेतात. लोणच्याची बरणी ताटाजवळ येत नाही. मिठाची उणीव त्या लिंबू, चिंच, भाजलेले जिरे आणि वाढण्याच्या क्षणी वरून घातलेली हिंग-लसणाची फोडणी यांनी भरून काढतात. अन्न गरम असताना गंध अधिक उठतो. कमी मिठाची सवय जिभेला एका दिवसात होत नाही, काही आठवडे लागतात. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते.

पत्राचे उत्तर गृहस्थांनी लिहिले नाही. पण आता ते जेवताना म्हणतात, “आज मला वरण कळत नाही, थोडे लिंबू दे.” सासूबाईंची आठवण अजूनही निघते, बहुधा दुपारच्या चहाला, आणि दोघांच्याही तोंडून. आणि पितळी गडू, लोटे दर रविवारी चिंच लावून ते स्वतःच घासतात, स्टुलावर बसून.