चॅटवरील खोडकर संदेश ते आत्मविश्वासपूर्ण परिचय : वऱ्हाडातील कृषी पदवीधराच्या एका संदेशाचे पुनर्लेखन

प्रस्तावना :

व्यावसायिक ओळखी वाढविण्यासाठी 2003 मध्ये सुरू झालेले लिंक्डइन हे संकेतस्थळ आज अमरावती, अकोल्यातील पदवीधरांच्याही हाती पोहोचले आहे. पूर्वी नोकरीचा अर्ज टपालाने जात असे व त्याचा नमुना शाळेतच शिकविला जाई. आता मात्र उमेदवार आणि कंपनीसाठी माणसे निवडणारी व्यक्ती यांची पहिली गाठ चॅटच्या चौकटीत पडते, आणि या चौकटीचा नमुना कोणत्याच इयत्तेत शिकविलेला नसतो. साहजिकच मित्रांशी चॅटवर ज्या भाषेत बोलले जाते, तीच भाषा येथेही उतरते. प्रस्तुत लेखात अशा एका संदेशाचे पुनर्लेखन टप्प्याटप्प्याने मांडले आहे. उदाहरण रचलेले आहे. त्याची धाटणी मात्र नेहमीच्या पाहण्यातील आहे.

मूळ संदेश :

पुण्यातील एका बियाणे कंपनीच्या भरती अधिकारी बाईंनी अकोला व अमरावती जिल्ह्यांसाठी क्षेत्र अधिकारी हवा असल्याची पोस्ट मराठीत लिहिली. शेतकऱ्यांशी मराठीत संवाद साधता येणे ही त्यातील एक अट होती. अकोल्याच्या एका कृषी पदवीधराची ओळख-विनंती त्यांनी स्वीकारली आणि त्याने लगेच पुढील मजकूर पाठविला :

"काय मॅडम, पुण्यात बसून वऱ्हाडची माणसं शोधून राह्यल्या का? शोधा, शोधा! इथं अकोल्याच्या उनात आम्ही तापून राह्यलो अन् तुमच्या नजरेत काही येत नाही. मले घ्या, शेतकऱ्यायले गप्पा मारून बियाणं काय, बांध बी विकून देतो! सांगा मंग, कधी येऊ?"

शेवटी जीभ बाहेर काढलेला हसरा चेहराही होता. उत्तर आले नाही.

थट्टेचे स्वरूप :

हा संदेश असभ्य आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वऱ्हाडात थट्टा ही जवळीक दाखविण्याची रीत आहे; टोमणा मारला की परकेपण संपले, असा तेथील समज आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीने या बोलीतील संवादांचे सामर्थ्य मराठी वाचकाला दाखविलेच आहे. तेव्हा दोष बोलीचा नाही. चौकातल्या थट्टेला समोरचा चेहरा, आवाजाचा चढउतार आणि जुनी ओळख यांचा आधार असतो. चॅटमध्ये यांपैकी काहीच नसते. त्यातच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर संदेशांच्या यादीत प्रत्येकाचे पहिले काही शब्दच दिसतात. येथे ते शब्द होते "काय मॅडम, पुण्यात बसून". संदेश उघडण्यापूर्वीच तो तक्रारीसारखा वाटतो.

याहून गंभीर चूक "गप्पा मारून बांध बी विकून देतो" या वाक्यात आहे. लिहिणाऱ्याला आपले संवादकौशल्य सांगायचे होते. बियाणे कंपनीच्या कानाला मात्र त्यात धोका ऐकू येतो. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाचे मोठे नुकसान केले, आणि सोयाबीन उगवले नाही की शेतकऱ्याची तक्रार आधी विक्रेत्याकडे व मग कृषी खात्याकडे जाते, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. नको ते आश्वासन देऊन माल खपविणारा माणूस अशा कंपनीला परवडत नाही. विनोदाने येथे उमेदवाराचा गुण झाकला आणि नसलेला दोष त्याच्या अंगाला चिकटविला.

पुनर्लेखनातील पहिली चूक :

अशा वेळी बहुतेक जण दुसऱ्या टोकाला जातात. याही उमेदवाराचा पहिला सुधारित मसुदा असा होता : "आदरणीय महोदया, सविनय निवेदन की, मी एक गरजू, प्रामाणिक व होतकरू उमेदवार असून आपण संधी दिल्यास मी जीव ओतून काम करण्याचा प्रयत्न करीन व आपला सदैव ऋणी राहीन." उद्धटपणा गेला, पण माहिती तेवढीच राहिली, म्हणजे शून्य. कोणते पद, कोठला माणूस, काय केले आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. "प्रामाणिक" आणि "होतकरू" ही विशेषणे कोणीही लिहू शकतो, म्हणून ती कोणालाच उपयोगी पडत नाहीत. हा मसुदा तपासण्याची एक सोपी कसोटी आहे : खालचे नाव बदलून दुसऱ्या कोणाचेही घातले तरी मजकूर खरा राहत असेल, तर तो परिचय नव्हे.

थट्टेमागील वस्तुस्थिती :

योग्य मार्ग मूळ संदेशातूनच निघतो. प्रत्येक थट्टेखाली कोणती वस्तुस्थिती दडली आहे, हे उमेदवाराने स्वतःला विचारावयाचे असते. "अकोल्याच्या उनात तापून राह्यलो" याचा अर्थ तो अकोल्यातच राहतो व त्याच भागात काम करू शकतो. "शेतकऱ्यायले गप्पा मारून" याच्या मागे काय आहे, असे विचारल्यावर कळले की, पदवीनंतर त्याने एक वर्ष अकोल्यातील कृषी सेवा केंद्रात बियाणे विकले आहे. आणि वऱ्हाडीतून लिहिणे? जी गोष्ट संदेशात खोडी ठरली, तीच या पदासाठी पात्रता आहे. कास्तकाराशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस कंपनीला हवाच होता. फक्त ती बोली वापरून दाखविण्याऐवजी ती येते, असे सांगावयास हवे होते. "सांगा मंग, कधी येऊ?" यातही एक मागणी आहे, परंतु ती फार पुढची. पहिल्या संदेशात एका शब्दात होकार देता येईल एवढेच मागावे.

यांतून तयार झालेला परिचय असा :

"नमस्कार मॅडम. अकोला-अमरावतीसाठीच्या क्षेत्र अधिकारी पदाची आपली पोस्ट वाचली. मी अकोल्याचा कृषी पदवीधर. एक वर्ष कृषी सेवा केंद्रात बियाणे विक्री केली. शेतकऱ्यांशी वऱ्हाडीतच बोलतो. बायोडेटा पाठवू का?"

आता यादीत दिसणाऱ्या पहिल्या शब्दांतच दोन्ही जिल्ह्यांची नावे येतात, आणि बाईंना हा कशाविषयी लिहितो आहे ते कळते. आत्मविश्वास येथे विशेषणांत नाही, क्रियापदांत आहे : "केली", "बोलतो". "प्रयत्न करीन" हा शब्दप्रयोग गेला आहे. शिवाय दुकानमालकास दूरध्वनी केल्यास पडताळता येणार नाही, असे त्यात काहीच नाही. पडताळणीची भीती नसलेले वाक्य आपोआप ठाम उतरते.

लांबीविषयी एक व्यावहारिक बाब सांगणे आवश्यक आहे. चॅटला जागा पुष्कळ असते. परंतु ओळख-विनंतीसोबत जोडावयाच्या टिपणाला विनामूल्य खात्यात 200 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत संगणक मात्रा, अनुस्वार व हलन्त स्वतंत्र मोजतो, त्यामुळे "क्षेत्र" हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द सात चिन्हे खातो. वरील परिचय या मर्यादेत जेमतेम बसतो, म्हणून ओळख नसलेल्या व्यक्तीलाही तो पाठविता येईल.

दुसरा संदेश :

उमेदवाराजवळ आणखी एक चांगली गोष्ट होती. पदवीच्या शेवटच्या वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात त्याने बार्शीटाकळी तालुक्यातील 20 शेतकऱ्यांच्या घरच्या सोयाबीन बियाण्याची ओल्या गोणपाटावर, प्रत्येकी 100 दाणे मोजून, उगवण चाचणी घेतली होती आणि 70 टक्क्यांहून कमी उगवलेले बियाणे पेरू नका, असे तोंडावर सांगितले होते. बांध विकण्याच्या बढाईला यापेक्षा चांगले उत्तर नाही. तरीही ते पहिल्या संदेशात घातलेले नाही. बाईंनी "पाठवा" असे लिहिल्यावर बायोडेटासोबत दोन वाक्यांत ते जाईल. आठवडाभर उत्तर न आल्यास एक स्मरण पुरे. आणि बाई स्वतः वऱ्हाडच्या निघाल्या व त्यांनीच "काय राजेहो" म्हणून सुरुवात केली, तर मग उमेदवाराने आपली थट्टा खुशाल बाहेर काढावी.