लाइक नव्हे, चौकशी मोजा

केराटिन ट्रीटमेंटच्या फोटोखाली काय लिहावं? ‘खांद्यापर्यंतच्या केसांसाठी ३५०० रुपये, वेळ तीन तास’ असं थेट, की ‘पावसाळ्यात केस पिंजारतात ना?’ असं ग्राहकाच्या अडचणीपासून? सलूनवाल्यांनी यावर वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्यावी.

त्यासाठी मजकूर सोडून बाकी सगळं सारखं हवं: तीच सेवा, आधी-नंतरचे तशाच प्रकाशातले फोटो, तोच वार, तीच वेळ. एका आठवड्यात पहिली शैली, पुढच्यात दुसरी, असं आलटून पालटून करावं. एक शैली आधी संपवून मग दुसरी घेतली, तर मध्येच लग्नसराई येते आणि वाढलेल्या गर्दीचं श्रेय फुकट दुसरीला मिळतं.

चौकशी कुठून आली हे कळायला प्रत्येक पोस्टखाली वेगळा शब्द द्यावा. व्हॉट्सॲपवर ‘मोगरा’ आला की पहिली शैली, ‘जाई’ आला की दुसरी. फोन करणाऱ्याला रिसेप्शनवरच्या ताईंनी विचारून वहीत टिपावं. पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली तेही लिहावं, कारण दुप्पट लोकांनी पाहिलेल्या पोस्टला जास्त फोन येणारच.

समजा, पोहोच सारखी असताना ९ विरुद्ध ५ चौकश्या आल्या. निकाल लागला असं वाटतं, पण नाणं चौदा वेळा उडवलं तरी इतका किंवा याहून मोठा फरक दहातून चारदा निव्वळ योगायोगाने पडतो. १४ विरुद्ध ४ असेल, तर योगायोगाची शक्यता शंभरात तीनच उरते. तोवर पोस्ट टाकत राहण्यापेक्षा किती पोस्टनंतर थांबायचं हे मी आधीच ठरवेन; हवा तो आकडा दिसताच थांबणं ही स्वतःचीच फसवणूक.