भेट मैत्रिणीला, आजाराला नव्हे

केमोथेरपी संपली की घरी भेटी येऊ लागतात. प्रोटीन पावडरचे डबे, डोक्याला बांधायचे स्कार्फ, कॅन्सरवर मात केलेल्यांची पुस्तकं. देणाऱ्याची माया खरी असते, पण प्रत्येक वस्तू उघडताना मैत्रिणीला पुन्हा हॉस्पिटलची फाईलच आठवते. म्हणून दुकानात शिरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही आजारी पडलीच नसती, तर मी तिला हे दिलं असतं का?

उत्तर ‘हो’ आलं, तरी दुसरी गोष्ट पाहावी लागते. आवडी जुन्याच असल्या, तरी शरीर अजून पूर्ववत झालेलं नसतं. केमोनंतर काही काळ उग्र वासांनी मळमळतं, म्हणून अत्तर किंवा सुगंधी मेणबत्त्या नकोत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. त्यामुळे घट्ट बांगड्या किंवा आवळ बाह्यांचा ब्लाऊज देऊ नये. बऱ्याच जणींना सलग वाचत राहणं काही महिने जड जातं. अशा वेळी जाड कादंबरीपेक्षा दिवाळी अंक बरा. एका बैठकीत एक कथा संपते आणि अंक अर्धवट पडला असं वाटत नाही.

समजा, मैत्रीण भरतकामात पटाईत आहे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि तो बरेच महिने टिकू शकतो. तिला रेशमाच्या लडी आणि बारीक सुया दिल्या, तर सुई हातातून निसटेल, टोचलेली कळणारही नाही आणि जमेनासं झाल्याचं दुःख तेवढं वाढेल. त्याऐवजी मोठ्या भोकांचं मॅटीचं कापड, जाड लोकर आणि बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई द्यावी. कापड तळहाताएवढंच असावं, म्हणजे थोडं थोडं करूनही पुरं होतं. कला तिचीच राहते, फक्त टाका मोठा होतो.

किंमतही बेताचीच असावी. महागड्या भेटीने परतफेडीचं ओझं येतं. उपचारांत घरचा पैसा गेलेला असताना ते जास्तच बोचतं. शेवटच्या केमोचा मुहूर्त साधण्यापेक्षा वाढदिवस किंवा संक्रांत गाठावी. चिठ्ठीत ‘लवकर बरी हो’, ‘तू किती सोसलंस’ असं काही नको. ‘आमच्या दारावरच्या तोरणाला तुझ्या हातचा एक चौकोन हवाय, सावकाश दे,’ एवढं पुरे. एवढे दिवस तिने फक्त घेतलेलं असतं. आता तिच्याकडेही कुणीतरी काही मागतं आहे.

एखादी स्वतःहून म्हणेल, मला स्कार्फच हवाय. मग तिच्या आवडीच्या रंगाचा स्कार्फ खुशाल आणावा, कारण ती निवड तिची आहे.